लेप्टोने बुडालेली हजेरी आणि प्राचार्यांना द्यायचा अर्ज

«सर, मी एसवायबीएस्सीला आहे, कुडाळजवळच्या गावातून येते. ९ जुलैला ताप आला, पुढे लेप्टो निघाला. आधी ओरोसला आणि मग बांबोळीला ॲडमिट होते, डायलिसिसही झालं. डिस्चार्ज कार्ड १२ ते २९ जुलैचं आहे. १८ ऑगस्टपासून कॉलेजला येतेय. काल कमी हजेरीच्या यादीत माझं नाव लागलं, ५४ टक्के. नेटवरचा नमुना बघून अर्ज दिला तर ऑफिसातल्या मॅडम म्हणाल्या, असा चालायचा नाही. बाबांनी गावातल्या डॉक्टरांकडून ४० दिवसांचं सर्टिफिकेट आणलंय. विषयवार हजेरीचे आकडे सोबत देतेय. प्राचार्यांना अर्ज नेमका कसा लिहू?»

आधी ते ४० दिवसांचं सर्टिफिकेट फाइलमधून काढून ठेव. तुझ्याकडच्या कागदांत घात करील असा तोच एक आहे.

मी सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजात अकरा वर्षं उपस्थिती समितीवर होतो, त्यातली शेवटची चार उपप्राचार्य म्हणून. आजाराचं खोटं कारण सांगणारी मुलं दरवर्षी दोन-चार असायचीच, आणि ती लगेच ओळखू यायची. जीव हळहळायचा तो दुसऱ्यांसाठी. त्यांचा आजार शंभर टक्के खरा असायचा, कागद मात्र कुणाच्या तरी सल्ल्याने ‘पक्का’ करून आणलेला. तुझ्या बाबांनी तेच केलंय, मायेपोटी केलंय.

त्या सर्टिफिकेटवर काय लिहिलं असेल ते न बघता सांगतो: ‘९ जुलै ते १७ ऑगस्ट माझ्या उपचाराखाली होती.’ आता समितीच्या टेबलावर हा कागद आणि बांबोळीचं डिस्चार्ज कार्ड शेजारी शेजारी ठेवले, की पहिलाच प्रश्न येतो. १४ जुलैला मुलगी गोव्यात वॉर्डात झोपलेली असताना ती गावातल्या डॉक्टरांच्या उपचाराखाली कशी? दोन कागद एकमेकांना खोटं पाडायला लागले की संशय खऱ्या कागदावरही जातो. आमच्याकडे एका मुलाचं असंच झालं होतं. कावीळ होती, रिपोर्ट खरे होते, पण सर्टिफिकेटवरच्या तारखांत तो खो-खोच्या सामन्यात खेळल्याचं जिमखान्याच्या रजिस्टरात निघालं. त्याचे वडील माझ्या केबिनमध्ये येऊन ओरडले, “माझो झील मरता मरता वाचलो, आणि तुमका हजेरी व्हयी?” त्यांचं दुःख खरं होतं. पण समोरच्या कागदावर सही करायला कुणाचा हात धजेना.

त्या डॉक्टरांचा उपयोग आहे, फक्त वेगळा. ताप आल्यावर पहिल्यांदा तू त्यांच्याकडेच गेली असशील. मग त्यांच्याकडून एवढंच लिहून आण: अमुक तारखेला ही मुलगी माझ्याकडे तापाने आली, मी तपासली आणि ओरोसला पाठवली. खाली आजची तारीख, सही आणि त्यांचा नोंदणी क्रमांक. मागची तारीख अजिबात नको. डॉक्टरांनी दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद रजिस्टरात ठेवावी, प्रत जपावी आणि सर्टिफिकेटवर रुग्णाची ओळखीची खूण लिहावी, असा वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतला नियम आहे. मागच्या तारखेचा कागद त्या रजिस्टरात बसत नाही, म्हणून कॉलेजने चौकशीचं पत्र पाठवलं तर अडचणीत तुझ्याआधी डॉक्टर येतात. हा दोन ओळींचा खरा कागद ९ ते ११ जुलैचे दिवस सांभाळतो. १२ पासून तुझं डिस्चार्ज कार्ड आहेच.

आता नियमाकडे येऊ, कारण त्याशिवाय अर्जात काय मागायचं ते कळणार नाही. तुझं कॉलेज मुंबई विद्यापीठाचं. विद्यापीठाच्या ऑर्डिनन्स ६०८६ प्रमाणे दोन गोष्टी लागतात: सगळ्या विषयांची मिळून सरासरी ७५ टक्के, आणि प्रत्येक विषयात किमान ५० टक्के. मुलं पहिलीच अट धरून बसतात. दुसरी कुणी वाचत नाही, आणि समिती आधी तीच बघते. (ही अट मुंबई विद्यापीठाची. दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणाऱ्यांनी आपापल्या माहितीपुस्तकातला नियम बघावा, स्वायत्त कॉलेजवाल्यांनीही.)

आणखी एक गैरसमज ऑफिसच्या खिडकीवर रोज ऐकू यायचा: ‘मेडिकल दिलं की हजेरी लागते.’ लागत नाही. कॉलेजतर्फे स्पर्धेला गेलीस, अभ्याससहलीला गेलीस, तर परवानगी असल्यास त्या तासिका हजेरीत धरतात. आजारपणाच्या तासिका गैरहजेरीतच राहतात. प्राचार्य माफ करतात ती फक्त ७५ पर्यंत कमी पडणारी तूट. म्हणून ‘माझी आजारपणातील हजेरी लावून मिळावी’ असं अर्जात लिहू नकोस. नेटवरच्या नमुन्यात नेमकं तसंच असतं, आणि माझा अंदाज आहे की मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवून अर्ज परत केला.

तुझे आकडे मी कागदावर मांडले. काल २२ सप्टेंबरपर्यंत २४० तासिका झाल्या, तू १३० ला होतीस. वनस्पतिशास्त्रात ६६ पैकी ३८, रसायनशास्त्रात ६६ पैकी ३६, प्राणिशास्त्रात ६६ पैकी ३१, प्रात्यक्षिकांत ४२ पैकी २५. बेरीज बरोबर आहे, ५४.२ टक्के. पण प्राणिशास्त्र बघ: ३१ म्हणजे ४७ टक्के, पन्नासच्या खाली. आज समिती बसली तर सगळ्यात आधी हेच टोचेल.

सत्र संपेपर्यंत अजून साधारण ६० तासिका आहेत, त्यांत प्राणिशास्त्राच्या १६. त्या सगळ्यांना बसलीस तर प्राणिशास्त्र ८२ पैकी ४७, म्हणजे ५७ टक्के होतं आणि दुसरी अट सुटते. एकूण हिशेब ३०० पैकी १९० वर जातो, ६३.३ टक्के. पंच्याहत्तरला लागतात २२५. म्हणजे तुझी खरी तूट ३५ तासिकांची आहे.

हा ३५ चा आकडा नीट लक्षात घे. तुझ्या ११० गैरहजेऱ्यांपैकी ९६ आजाराच्या ४० दिवसांतल्या. डिस्चार्ज कार्डवर दोन आठवडे विश्रांती लिहिली असेल, जी लेप्टोत मूत्रपिंडांवर परिणाम झाला की लिहितातच, तर तुझे कागद १२ ऑगस्टपर्यंत पोचतात. १३ ते १७ ऑगस्टला आधार नाही. त्या दिवसांत १५ ऑगस्टची सुट्टीही आली. उरलेल्या दिवसांत समज ८ तासिका बुडाल्या, त्या सोडून दिल्या तरी ८८ तासिका पक्क्या कागदांवर उभ्या आहेत, आणि माफी हवी आहे ३५ ची. म्हणजे ४० दिवसांचं सर्टिफिकेट ज्या फटीसाठी आणलं, ती फट बुजवायची गरजच नव्हती. १३ ते १७ ला कागद नाही हे अर्जात सरळ लिहून टाक. समितीत बसून सांगतो, असं एक प्रामाणिक वाक्य दिसलं की बाकीचे कागद तपासायचा आमचा उत्साह निम्मा व्हायचा.

दुसरा उपयोगी आकडा असा: आजाराचे दिवस वगळले तर १४४ तासिका झाल्या आणि त्यांतल्या १३० ला तू होतीस, म्हणजे ९० टक्के. तू एरवी बुडवणारी मुलगी नाहीस हे सांगायला विशेषणं लागत नाहीत, हा आकडा पुरतो.

आता अर्ज. एका पानात बसला पाहिजे. हस्ताक्षर चांगलं असेल तर हातानेच लिही.

दिनांक: २४ सप्टेंबर

प्रति,
मा. प्राचार्य,
(महाविद्यालयाचे नाव व पत्ता)

मार्फत: वर्गशिक्षक, द्वितीय वर्ष विज्ञान

विषय: दीर्घ आजारामुळे तिसऱ्या सत्रातील उपस्थितीत आलेली तूट क्षमापित करण्याबाबत.
संदर्भ: कमी उपस्थिती असलेल्या विद्यार्थ्यांची दि. २२ सप्टेंबरची यादी.

महोदय,

मी द्वितीय वर्ष विज्ञान वर्गात (हजेरी क्रमांक ……) शिकत आहे. लेप्टोस्पायरोसिस झाल्यामुळे मी ९ जुलै ते १७ ऑगस्ट या काळात महाविद्यालयात येऊ शकले नाही. १२ ते २९ जुलै मी रुग्णालयात दाखल होते व मूत्रपिंडांवर परिणाम झाल्याने डायलिसिस करावे लागले. घरी सोडताना दोन आठवडे विश्रांतीचा सल्ला देण्यात आला होता. १३ ते १७ ऑगस्ट मी अशक्तपणामुळे घरी होते. या दिवसांसाठी माझ्याकडे वैद्यकीय कागद नाही. १८ ऑगस्टपासून मी नियमित उपस्थित आहे.

२२ सप्टेंबरपर्यंत झालेल्या २४० तासिकांपैकी १३० तासिकांना मी उपस्थित होते (५४.२ टक्के). गैरहजेरीच्या ११० तासिकांपैकी ९६ तासिका वरील काळातील आहेत. तो काळ वगळता झालेल्या १४४ तासिकांपैकी १३० तासिकांना, म्हणजे ९० टक्के, मी उपस्थित होते. सत्रअखेरपर्यंतच्या सुमारे ६० तासिकांना पूर्ण उपस्थित राहिल्यास माझी उपस्थिती ६३.३ टक्के होईल व ७५ टक्क्यांसाठी सुमारे ३५ तासिका कमी पडतील. प्रत्येक विषयात उपस्थिती ५० टक्क्यांहून अधिक राहील. विषयवार तक्ता सोबत जोडला आहे.

तरी ही तूट वैद्यकीय कारणास्तव क्षमापित करून मला तिसऱ्या सत्राच्या परीक्षेस बसण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. बुडालेली प्रात्यक्षिके विभागांनी दिलेल्या वेळेत पूर्ण करण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
(सही व पूर्ण नाव)
(पालकांची सही)

सोबत: प्रथम तपासणी केलेल्या डॉक्टरांचे पत्र, डिस्चार्ज कार्ड, रक्ततपासणीचा अहवाल, १२ ऑगस्टच्या फेरतपासणीचा केसपेपर, वर्गशिक्षकांना पाठवलेल्या संदेशाची प्रत, विषयवार उपस्थितीचा तक्ता.

अर्ज इथे संपला. यातल्या तारखा मी तुझ्या माहितीवरून आणि थोड्या अंदाजाने टाकल्यात. डिस्चार्ज कार्ड समोर ठेवून एकेक तपास. कार्डावर विश्रांती दोन आठवड्यांऐवजी दहा दिवस असेल तर दहाच लिही आणि कागद नसलेले दिवस त्याप्रमाणे वाढव. फेरतपासणी १२ ला झाली नसेल तर ती ओळ सोबतच्या यादीतून काढ.

तब्येतीबद्दल जेवढं लिहिलंय तेवढंच ठेव. पहिल्या अर्जात तू लावणीच्या दिवसांत मळ्यात उतरलीस, ताप कसा चढला, आईने किती रात्री जागून काढल्या, हे सगळं लिहिलं असणार. कोकणात राहून लावणीनंतरचा लेप्टो माहीत नाही असा प्राचार्य विरळा. त्यांना आजाराचं नाव, दाखल असल्याच्या तारखा आणि डायलिसिस एवढं कळलं की पुरे. रक्ताच्या अहवालातलं लेप्टोच्या चाचणीचं पान तेवढं जोड, पंधरा दिवसांचे रोजचे क्रिएटिनीनचे आकडे कुणी वाचत नाही. एखाद्याचा आजार चारचौघांत सांगण्यासारखा नसेल तर अर्जात ‘दीर्घ आजार’ एवढंच लिहून वैद्यकीय कागद बंद पाकिटात प्राचार्यांच्या हातात दिलेले चालतात. तुला त्याची गरज नाही.

सोबतच्या यादीत ‘वर्गशिक्षकांना पाठवलेला संदेश’ आहे, तो जरूर शोध. तू ॲडमिट झालीस तेव्हा बाबांनी किंवा एखाद्या मैत्रिणीने वर्गशिक्षकांना व्हॉट्सॲप केलं असेलच. जुलैतला तो मेसेज, वर तारीख दिसेल असा, छापून लाव. यादी लागल्यावर आजार आठवला असं कुणी म्हणू नये म्हणून हा चिमुकला कागद फार कामाचा. मेसेज नसेल तर मात्र वर्गशिक्षकांना आज विनवून मागचं काही लिहून घेऊ नकोस.

डिस्चार्ज कार्डाची मूळ प्रत देऊ नकोस. झेरॉक्स दे, त्यावर ‘मूळ प्रत पडताळणीसाठी आणली आहे’ असं लिहून सही कर, आणि मूळ कार्ड दाखवून लगेच परत घे. पुढच्या फेरतपासणीला डॉक्टर तेच मागणार. एखादा कागद हरवला असेल तर ज्या डॉक्टरांनी किंवा रुग्णालयाने उपचार केले त्यांच्याकडे लेखी मागणी कर. वर सांगितलेल्या आचारसंहितेप्रमाणे मागितल्यावर नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात.

प्रात्यक्षिकांचं वेगळं बोलायला हवं. थिअरीच्या तासिकेची माफी मिळाली की विषय मिटतो. प्रात्यक्षिकाचा प्रयोग मात्र जर्नलमध्ये असावा लागतो, आणि जर्नल पूर्ण करून त्यावर सही-शिक्का झाल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत. प्राचार्यांनी तूट माफ केली तरी न केलेले प्रयोग त्यामुळे जर्नलमध्ये उमटत नाहीत. तुझ्या ४२ पैकी १७ तासिका बुडाल्यात. अर्जाची वाट न बघता उद्याच तिन्ही विभागांत जा, प्रयोगशाळा सहायकांना भेट आणि दुसऱ्या बॅचबरोबर कोणते प्रयोग करता येतील ते विचार. रसायनशास्त्राचे बहुधा जमतील, द्रावणं दुसऱ्या बॅचसाठी काढलेली असतातच. वनस्पतिशास्त्राचे पावसाळी नमुने आता मिळतील की नाही ते तिथले शिक्षकच सांगतील. केलेल्या प्रत्येक प्रयोगावर त्याच दिवशी, त्याच दिवसाच्या तारखेने सही घे. समितीपुढे जाताना जर्नलमध्ये असे चार-पाच ताजे प्रयोग असले, तर ‘पूर्ण करण्याची माझी तयारी आहे’ हे वाक्य बदलून ‘पूर्ण करीत आहे’ असं लिहिता येईल.

आजारपणात अंतर्गत चाचणी बुडाली असेल तर ती या अर्जात घालू नकोस. तो परीक्षा विभागाचा वेगळा अर्ज, जोडकागद तेच. दोन मागण्या एका कागदावर आल्या की तो कागद दोन टेबलांच्या मध्ये अडकून पडतो.

अर्ज देताना दोन प्रती ने. आधी वर्गशिक्षकांची ‘शिफारस’ आणि सही, मग आवक खिडकी. तुझ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस. थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये नेऊन दिलेला अर्ज त्यांच्या टेबलावरच्या ढिगात जातो. आवक रजिस्टरातून गेलेला अर्ज मात्र कुणाला तरी शोधून द्यावाच लागतो.

आठवड्याभरात तो ‘समितीपुढे ठेवा’ असा शेरा घेऊन आमच्यासारख्यांकडे येईल आणि तुला पालकांसह बोलावतील. विचारतील ते तीनच प्रश्न: आता तब्येत कशी आहे, ऑगस्टच्या १३ ते १७ ला काय झालं, आणि १८ ऑगस्टनंतर किती तास बुडवलेस. तिसरा प्रश्न महत्त्वाचा. आजाराबाहेरच्या तुझ्या १४ गैरहजेऱ्यांपैकी किती बरं झाल्यानंतरच्या आहेत ते आधीच काढून ठेव. गणपतीची सुट्टी संपल्यावरही दोन दिवस गावी राहिली असशील तर तसं सांग. सगळ्या समितीचे गणपती गावीच असतात.

बाबा सोबत येतील तेव्हा ते ४० दिवसांचं सर्टिफिकेट त्यांच्या खिशातही नसू दे. बोलता बोलता काढून दाखवतील.

प्राचार्य तोंडी ‘होईल, काळजी करू नकोस’ म्हणाले तरी त्यावर थांबू नकोस. परीक्षा विभागातला क्लार्क हॉल तिकीट देताना यादी बघतो, आणि यादीतून नाव निघतं ते जावक क्रमांकाच्या लेखी आदेशावर. त्याची प्रत मागून घे. नाकारलं तरी लेखीच माग, कारण पुढे विद्यापीठाकडे जायचं तर तोच कागद लागेल. सत्र संपल्यावर अंतिम हजेरी लागली की ६३.३ च्या जागी प्रत्यक्षात किती भरले ते बघ. एखाददुसरी तासिका इकडेतिकडे झाली तर काही बिघडत नाही, अर्जात ‘सुमारे’ आहे. प्राणिशास्त्राच्या उरलेल्या १६ पैकी १० तरी व्हायलाच हव्यात, त्याशिवाय तिथे ५० टक्के भरत नाहीत.